सोमवार धरून

कॉलेजात तिला सगळे 'टाचणी' म्हणत. विद्यार्थी पाठीमागे म्हणत आणि बरोबरीचे शिक्षक तोंडावर. भाषेच्या तासाला एखाद्याने सैल वाक्य टाकलं की ती बरोबर तिथे टोचायची. "'खूप लोक' म्हणजे किती? मोजलेस?" असं विचारायची. वय एकोणपन्नास. केस अजून काळे होते, ते स्वभावामुळे, असं नवरा म्हणायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. "हिच्या डोळ्यांतून सुईचं भोकही सुटत नाही, माझ्या धंद्याला शत्रू आहे," हा त्याचा ठरलेला विनोद. पंचवीस वर्षं तो तोच विनोद करत होता आणि पंचवीस वर्षं ती हसत नव्हती.

गुणांविरुद्धच्या अर्जांची एक समिती कॉलेजात असे. कुणाला वाटलं की आपल्याला गुण चुकीचे मिळाले, तर त्याने लेखी अर्ज करायचा. तीन शिक्षक कागद बघायचे, दोन्ही बाजू ऐकायचे आणि अध्यक्षाच्या सहीने विद्यार्थ्याला पत्र जायचं. समिती पेपर पुन्हा तपासत नसे. नियम पाळला गेला का, सगळ्यांना एकच माप लावलं का, एवढंच तिने पाहायचं. टाचणी दोन वर्षं अध्यक्ष होती. एवढ्या काळात तिच्या एकाही पत्राला कुणी बोट लावू शकलं नव्हतं. कार्यालयातले म्हातारे कारकून, ज्यांना सगळे शिक्केमामा म्हणत, ते म्हणायचे, "बाई, तुमच्या पत्रावर शिक्का मारताना हात जपून टेकवावा लागतो. कुठे कापेल सांगता येत नाही."

त्या वर्षीचा शेवटचा अर्ज शिक्केमामांनी तिच्या टेबलावर ठेवला तेव्हा ती उभ्याउभ्याच वाचायला लागली, आणि दुसऱ्या ओळीला बसली.

अर्ज शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा होता. सकाळी पाच ते नऊ ती बेकरीच्या गल्ल्यामागे उभी राहायची आणि मग कॉलेजला यायची. समाजशास्त्रात तिला चोपन्न गुण होते. पुढच्या अभ्यासक्रमाला त्या विषयात साठ लागत. चाळीस गुणांचा पाहणी-अहवाल तिने उशिरा दिला म्हणून मिळालेल्या तीसातून आठ गुण कापले होते. मुलीचं म्हणणं, उशीर झालाच नव्हता. विषयाच्या आराखड्यात लिहिलं होतं, 'अहवाल सोमवारपर्यंत द्यावा.' तिने सोमवारी दुपारी तीनला दिला. कार्यालयाचा शिक्काही होता. सरांचं म्हणणं, सोमवारपर्यंत म्हणजे रविवार संपायच्या आत.

खाली सरांचं नाव होतं.

टाचणीने नाव वाचलं नाही. तिला ते वाचायची गरजच नव्हती. हे वाक्य लिहिणारा आणि त्याचा असा अर्थ लावणारा माणूस जगात एकच होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कॉलेजात, तीही सोमवारी अहवाल घेऊन गेली होती. सकाळी अकराला. एकशे बारा घरं पायी हिंडून तिने तो लिहिला होता. चपलेचा अंगठा दोनदा शिवला होता. सर तेव्हा तरुण होते, कपाळावर केसांची बट यायची. त्यांनी अहवाल हातात घेतला, घड्याळ पाहिलं, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "उंबरठ्यापर्यंत ये म्हटलं, तर उंबरठा ओलांडून आत यायचं नसतं. पर्यंत म्हणजे अलीकडे. भाषा शिका आधी."

वर्ग हसला. गुण कापले गेले, पहिला वर्ग दोन गुणांनी गेला, आणि समाजशास्त्राची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. अर्ज करायची सोय तेव्हा नव्हती. तिने एक तक्रार लिहिली होती, ती कुणाच्या तरी खणात गेली आणि तिथेच म्हातारी झाली. मग ती खरोखरच भाषा शिकली. त्यातच नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा शिकून परगावी गेला. सगळं रीतसर झालं. फक्त तो आराखडा, पिवळा पडलेला, कपाटात साड्यांच्या खाली राहिला. साड्या बदलल्या, तो बदलला नाही.

सहा वर्षांपूर्वी सर बदली होऊन याच कॉलेजात आले. ती त्यांना "नमस्कार सर" म्हणाली, तेही "नमस्कार मॅडम" म्हणाले. ओळख कुणीच दाखवली नाही. तिला वाटलं, विसरले असतील. तिचं माहेरचं आडनाव आता कुठे होतं.

आणि आता या वर्षी, निवृत्तीला चार महिने उरलेले असताना, ते आपल्या पायाने तिच्या टेबलावर आले होते.

समितीच्या प्रत्येक सदस्याने आधी एक फॉर्म भरायचा असे. त्यात प्रश्न होता : 'या प्रकरणातील कोणाशीही आपला सध्याचा किंवा पूर्वीचा संबंध आहे काय?' टाचणीने पेन उचललं. सत्तावीस वर्षं. याला काय संबंध म्हणतात? तेवढ्या वर्षांत डोंगराची सुद्धा माती होते. तिने 'नाही' लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

---

सुनावणी मंगळवारी झाली. मुलगी पिठाचा डाग धुऊनही न गेलेल्या बाह्यांचा कुडता घालून आली होती. खुर्चीच्या टोकावर बसली.

"मॅडम, मी तीनला दिला. शिक्का आहे. आणि माझा अहवाल तीसचा नव्हता, चौतीसचा तरी होता. सरांना माझा राग आहे, मी वर्गात उलट बोलले होते म्हणून."

"काय बोलला होतात?" समितीतली गणिताची तरुण शिक्षिका म्हणाली. तिला प्रत्येक गोष्टीत आकडा किंवा तारीख लागायची.

"सर म्हणाले, गरीब लोक चैनीवर खर्च करतात. मी म्हटलं, सर, माझ्याकडे रोज सकाळी पावाची चतकोर लादी मागायला येतात, चैन कुठली ते दाखवा."

गणितवाली हसू दाबत लिहायला लागली.

मग सर आले. पोट सुटलं होतं, बट गेली होती, आवाज तोच होता. खुर्चीवर रेलून ते म्हणाले, "मॅडम, सोपी गोष्ट आहे. उंबरठ्यापर्यंत ये म्हटलं, तर उंबरठा ओलांडून आत यायचं नसतं. पर्यंत म्हणजे अलीकडे."

जसंच्या तसं! शब्दही इकडचा तिकडे नाही. खरं सांगायचं तर टाचणीला फार बरं वाटलं. माणूस बदलला असता, थोडा वाकला असता, तर तिची पंचाईत झाली असती. याने तीही अडचण ठेवली नव्हती.

"आपलं म्हणणं नोंदवलं, सर," ती म्हणाली.

समितीने शुक्रवारी निर्णय करायचा होता आणि त्याआधी तिने मसुदा करून ठेवायचा होता. बुधवारी संध्याकाळी ती रिकाम्या वर्गात बसून लिहायला लागली आणि हात थांबेना. तीन पानं झाली. 'मनमानी' लिहिलं, 'शब्दच्छल' लिहिलं, 'अध्यापकाच्या अहंकारापायी' लिहिलं आणि ते वाक्य दोनदा वाचलं. तोंडात पुरण विरघळावं तसं ते गोड लागलं.

गुरुवारी सकाळी तिने मसुदा गणितवालीला दिला. तिने शिक्षकांच्या खोलीत उभं राहून, चहा थंड होईपर्यंत वाचला.

"मॅडम, हे पत्र कुणाला आहे?"

"कुणाला म्हणजे? विद्यार्थिनीला. वर लिहिलंय की."

"वर लिहिलंय. पण पहिल्या पानावर तिचे गुण किती होणार तेच नाही. ते तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत. तिने आधी दोन पानं सरांची खरडपट्टी वाचायची?" तिने पान उलटलं. "आणि चौतीस गुणांच्या मागणीला उत्तरच नाही. आणि हे बघा. 'हा अन्याय वर्षानुवर्षे चालत आलेला आहे.'"

"मग?"

"फाइलमध्ये तर एकच वर्ष आहे."

 जिने आयुष्यभर 'किती? मोजलेस?' विचारलं, तिला एका सव्वीस वर्षांच्या पोरीने तोच प्रश्न विचारला होता.

"सवयीने आलं," ती शेवटी म्हणाली. "काढते."

"काढा," गणितवाली म्हणाली. तिची नजर मात्र अर्धा क्षण जास्त थांबली.

त्याच दुपारी जिन्यात सर भेटले. ते खाली येत होते, ती वर जात होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"काय मग, टाचणी," ते म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. "लिहून झालं का? तुझ्या हातचा निकाल वाचायला मी फार उत्सुक आहे. तेव्हाही छान लिहायचीस. एकशे बारा घरं ना?"

कठड्यावरचा तिचा हात तसाच राहिला.

"मी काही बोललो नाही हां कुणाला," ते आणखी एक पायरी उतरले. "निकाल येईपर्यंत गप्प राहायचं ठरवलंय. पर्यंत!" आणि हसत गेले.

---

घरी सासूबाई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. डोळे गेले तरी बोटं काही ना काही उसवत किंवा सोलत असत.

"अगं, आज पातेलं आपटतेयस की पातेल्याला शिक्षा करतेयस?"

"आई, एक जुना माणूस हाती सापडलाय." प्रकरणाचं घरी बोलायचं नसे, म्हणून नाव-गाव तिने सांगितलं नाही. "माझं मोठं नुकसान केलं होतं त्याने. आता त्याचं माझ्या हातात आहे. आणि त्याला ते माहीत आहे. आज भेटला, तर हसला."

"हसला?"

"हसला. म्हणाला, मी गप्प आहे."

सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. "मांजर दुधापाशी बसून डोळे मिटतं तेव्हा त्याला झोप आलेली नसते बाई. तो गप्प कशासाठी आहे?"

"माझी ओळख आहे हे त्याने सांगितलं नाही कुणाला."

"आणि तू सांगितलंस?"

टाचणीने गॅस बारीक केला.

"नाही सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. "मग टाका त्याच्या हातात आहे. तुला वाटतंय तू शिवतेयस. शिवून होऊ दे, मग तो एकच टाका ओढेल आणि सगळी शिवण चरचर उसवेल. कापड कुणाचं आहे?"

"एका पोरीचं."

"मग झालंच. तुम्ही दोघं भांडा, ती उघडी."

टाचणी खुर्चीवर बसली. ते इतकं सोपं होतं, आणि तिला दिसलं नव्हतं. निकाल सरांच्या बाजूने लागला तर ते गप्पच राहणार. विरुद्ध लागला तर दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर कागद : अध्यक्ष माझी जुनी विद्यार्थिनी, माझ्यावर तक्रार केलेली, आणि फॉर्मवर 'नाही' लिहून बसलेली. निकाल रद्द. मग नवी समिती, नव्या तारखा, आणि पुढच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवायची मुदत महिनाअखेर. मुलगी बेकरीतच राहणार. आणि सर म्हणणार, भाषा शिका आधी.

"आई, तो टाका मीच उसवला तर?"

"आत्ता? शिवण घालायच्या आधी?" सासूबाईंनी वाटाणा तोंडात टाकला. "मग त्याच्या हातात नुसता दोरा राहील. पण तुझं काय राहील?"

"काही नाही. मला बाजूला व्हावं लागेल."

"जमेल?"

ती उत्तर न देता पोळ्या लाटायला लागली. त्या दिवशी पोळ्या इतक्या पातळ झाल्या की नवरा म्हणाला, "यातून वर्तमानपत्र वाचता येईल." त्यावर मात्र ती हसली. तो दचकला.

---

शुक्रवारी सकाळी तिने प्राचार्यांना एक पान दिलं. त्यात सगळं होतं : साल, कॉलेज, कापलेले गुण, तेव्हाची तक्रार, आणि फॉर्मवर आपण 'नाही' लिहिलं ते खोटं होतं हेही. प्राचार्यांनी चष्मा काढला. तो तिच्याच नवऱ्याच्या दुकानातला होता.

"तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझीही नव्हती, सर."

"कारण काय झालं लपवायचं?"

"मला तो निकाल माझ्या सहीने हवा होता."

प्राचार्यांनी ते पान फाइलला लावलं. मग म्हणाले, अध्यक्षपद आजपासून गेलं, लेखी समज मिळेल, ती सेवापुस्तकात राहील. मंगळवारची सुनावणी बाद. गणिताच्या मॅडम अध्यक्ष, रिकाम्या जागी ग्रंथपाल, आणि चार दिवसांत दोन्ही बाजू पुन्हा ऐकायच्या. "आणि तुम्ही या प्रकरणाबद्दल समितीतल्या कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही."

"एक विनंती आहे. मी बाजूला झाले हे आपण दोन्ही पक्षांना कळवालच. त्या पत्रात कारण सविस्तर नको. 'समितीची पुनर्रचना' पुरे."

"कारण असंही सविस्तर लिहीत नाहीत," प्राचार्य म्हणाले. "पण तुम्ही ते का सांगताय?"

"सवय," टाचणी म्हणाली.

सवय नव्हती. तिला माहीत होतं की कार्यालयातून आलेले 'पुनर्रचना', 'फेरनियोजन' असले कागद सर वाचत नाहीत. त्यांच्या खणात ते उघडल्याशिवाय पिवळे पडत. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

फाइल तिने शिक्केमामांच्या हवाली केली. देता देता शेवटचं चाळली, आणि आराखड्याचं दुसरं पान उघडं पडलं. तिने सत्तावीस वर्षं, आपल्या जुन्या प्रतीतही, पहिल्या पानाकडेच पाहिलं होतं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती : 'परीक्षेस पाचव्या पाठापर्यंतचा भाग असेल.' आणि फाइलमध्येच मागे प्रश्नपत्रिका लावलेली होती. चौथा प्रश्न पाचव्या पाठावरचा.

 हेच! उंबरठ्याच्या त्या दाखल्याला दुसरं उत्तर लागतच नव्हतं. त्याच माणसाने, त्याच कागदावर, त्याच शब्दात पाचवा पाठ धरला होता आणि सोमवार सोडला होता.

"बाई, देताय ना?" शिक्केमामांनी हात पुढे केलेला होता.

"मामा, जरा..."

"अध्यक्ष आता गणितवाल्या बाई. मला सांगितलंय, फाइल तुमच्याकडे ठेवायची नाही." मग जरा खालच्या आवाजात, "काय राहिलं का आत?"

काय राहिलं होतं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. समोरच्या खोलीत गणितवाली बसली होती, दार उघडं होतं. वीस पावलं. एक कुजबूज. आणि मग पुन्हा तोच टाका सरांच्या हातात.

"काही नाही," टाचणी म्हणाली आणि फाइल सोडली. फाइल सोडताना बोटं दुखतात हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढचे सहा दिवस तिने तोंड मिटून काढले. गणितवाली वाटेत दिसली की ती दुसरीकडे वळे. एकदा दोघी पाण्याच्या नळाशी आल्याच.

"माझ्याकडची मसुद्याची प्रत मी फाडली, मॅडम," गणितवाली म्हणाली. "वाचलेलंही विसरतेय. शेवटचं उत्तर बघून गणित सोडवलं तर ते सोडवलं म्हणत नाहीत."

टाचणीने नुसती मान हलवली. पोरीला दुसरं पान उलटायची बुद्धी व्हावी, एवढंच ती मनात घोकत होती. देवाचं नाव कधी न घेणारी बाई पानाच्या नावाने जप करत होती.

---

सातव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, सर तिच्या खोलीत आले. दार न वाजवता. हातात पत्राची प्रत होती. निकालाची प्रत संबंधित शिक्षकालाही जात असे. दुसऱ्या हातात बंद लिफाफा होता, त्यावर प्राचार्यांचं नाव, टाइप केलेलं. टाचणी वह्या तपासत होती.

"आलं तुझं प्रेमपत्र," सर म्हणाले. "म्हटलं, लिहिणारीला वाचून दाखवावं."

"बसा ना, सर."

"बसत नाही. ऐक. 'अर्जदार विद्यार्थिनीस. आपला अर्ज अंशतः मान्य करण्यात येत आहे. अहवालातून कापलेले आठ गुण परत मिळतील, आणि समाजशास्त्रातले आपले एकूण गुण चोपन्नऐवजी बासष्ट होतील.' वा! पहिल्याच ओळीत बक्षीस."

पहिल्याच ओळीत. टाचणीने पेनचं टोपण लावलं.

"'कारणे अशी. आराखड्यात 'सोमवारपर्यंत' असे आहे, वेळ दिलेली नाही. आपला अहवाल सोमवारी दुपारी तीन वाजता मिळाल्याचा शिक्का आहे. सरांच्या म्हणण्यानुसार 'पर्यंत'मध्ये सोमवार येत नाही.' इथपर्यंत ठीक आहे. पुढे बघ विष. 'मात्र त्याच आराखड्याच्या दुसऱ्या पानावर 'पाचव्या पाठापर्यंतचा भाग' असे आहे...'"

टाचणीने समोरची वही मिटली.

"'...आणि परीक्षेचा चौथा प्रश्न पाचव्या पाठावर होता. म्हणजे पाचवा पाठ धरलेला होता. एकाच कागदात एकच शब्द एकदा धरून आणि एकदा सोडून वाचता येत नाही. बोलण्यातही सोमवारपर्यंत म्हणजे सोमवार धरून, असेच समजले जाते. नियमाचा अर्थ दोन प्रकारे होत असेल, तर त्याचा तोटा नियम पाळणाऱ्या विद्यार्थ्याला होता कामा नये.'" सरांच्या गळ्याची शीर फुगली होती. "सत्तावीस वर्षं हे घोळवत होतीस ना?"

"पुढे वाचा, सर. संपलं नाही."

"पुढे माझ्या बाजूचं आहे. तेवढं तरी लाजेने लिहिलंस. 'अहवालाला तीसऐवजी चौतीस गुण मिळावेत ही मागणी मान्य करता येत नाही. समिती उत्तरे पुन्हा तपासत नाही. सरांनी सर्वांना एकच निकष लावले आणि प्रत्येक निकषापुढे शेरा दिला आहे. आपल्यावर राग धरून गुण दिले, असे दाखवणारा पुरावा समितीला मिळाला नाही. गुणपत्रिका तीन दिवसांत दुरुस्त होईल. हा निकाल मान्य नसल्यास आपण दहा दिवसांत प्राचार्यांकडे दाद मागू शकता.'"

टाचणी ऐकत राहिली. एकही विशेषण नव्हतं. 'मनमानी' नाही, 'अहंकार' नाही. तिच्या तीन पानांनी सरांना ओरखडा आला असता. हे एक पान हाडापर्यंत गेलं होतं. हाड धरून.

"छान लिहिलंय," ती मनापासून म्हणाली.

"स्वतःचंच कौतुक! आता हे बघ." सरांनी लिफाफा नाचवला. "यात तुझी तेव्हाची तक्रार आहे. प्रत जपून ठेवली होती मी. तुला काय वाटलं, तूच कागद जपतेस? अध्यक्षाने संबंध लपवला. निकाल रद्द, सगळं पहिल्यापासून. आणि ती पावाची पोरगी गेली महिनाअखेरच्या पलीकडे. तुझ्यामुळे! समजलं?"

तर त्यांनीही जपून ठेवला होता. साड्यांखाली नसेल, पण कुठेतरी होताच. टाचणीला एक क्षण वाटलं, या जगात त्या सोमवारची आठवण असलेली माणसं दोनच, आणि दोघांनीही एकमेकांवर डूख धरून तो सोमवार ताजा ठेवलाय.

मग तो क्षण गेला.

"सर, सही बघितलीत?"

"काय?"

"पत्राखाली. सही."

सरांनी पत्र लांब धरलं, मग जवळ. नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवला. खालची सही गोल, लहान मुलीसारखी होती. गणितवाली नाव लिहिताना प्रत्येक अक्षर सुटं काढायची.

"समितीची पुनर्रचना झाली," टाचणी म्हणाली. "मी गेल्या शुक्रवारी बाजूला झाले. तुम्ही आणि मी, ते साल, ती तक्रार, सगळं लिहून प्राचार्यांना दिलं. मला समजही मिळाली, सेवापुस्तकात लागली आहे, हवी तर दाखवते. सुनावणी दुसऱ्यांदा झाली. तुम्ही गेला होतात ना?"

"ती... मला वाटलं तू आजारी आहेस म्हणून ती पोरगी..."

"तुम्हाला पत्र आलं होतं, सर. खणात असेल."

सर उभे होते. लिफाफा त्यांच्या हातात होता आणि तो कुणाला द्यायचा हे त्याला कळत नव्हतं, त्यांनाही.

"पत्राचं एक अक्षरही माझं नाही," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, हे सांगताना घास हिरावल्यासारखं होईल. तसं झालंच. पण त्याच घासाला एक वेगळी चव होती. तिच्या द्वेषाशिवाय, तिच्या सत्तावीस वर्षांशिवाय, ज्या पोरीला सरांशी काहीच देणंघेणं नव्हतं तिने नुसते कागद वाचले आणि सर चुकले होते. त्यांना आता कुणावर रागही धरता येणार नव्हता.

दाराशी शिक्केमामा आले. "सर, इथे आहात होय? तुमच्या विभागाला समितीची वेगळी चिठ्ठी आहे. पोच द्या." त्यांनी वही पुढे धरली आणि चिठ्ठी कुणी न सांगताच मोठ्याने वाचली, कान कमी असल्यामुळे ते सगळंच मोठ्याने वाचत. "'यापुढे आराखड्यात पर्यंत हा शब्द मुदतीसाठी वापरू नये. तारीख आणि वेळ लिहावी.' इथे सही. आजच्या तारखेनिशी."

सरांनी सही केली. पेन टाचणीचं होतं.

"चार महिने उरलेत माझे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "एवढ्यासाठी?"

"मला दोन गुण उरले होते, सर."

त्यांनी लिफाफा खिशात घातला. तो मावेना, घडी करून घातला. टाचणी खुर्चीवरून उठली.

"चला, तुम्हाला दारापर्यंत सोडते."

खोली लहान होती, दार पाच पावलांवर. ती चार पावलं चालली आणि उंबरठ्याच्या आत, बरोबर अलीकडे, थांबली. सर बाहेर गेले. मग तिने खाली पाहिलं, क्षणभर विचार केला, एक पाऊल उंबरठ्यावर ठेवलं आणि ते जिन्याला वळेपर्यंत तिथेच उभी राहिली.